आधी फळी सुटी कर, मग कपाट

भावा, स्केचअपमध्ये कपाटाचं 3D चित्र काढताना कप्पा सरकवला की बाजूची फळीही ताणली जाते म्हणतोस, त्यात जुन्या लॅपटॉपचा दोष नाही. तिथे मोकळे पृष्ठभाग एकमेकांना टेकले की चिकटतात. म्हणून फळी काढून झाली की लगेच तिच्यावर तीनदा क्लिक कर आणि `G` दाबून कंपोनंट, म्हणजे वेगळा सुटा भाग, कर. नंतर एका क्लिकवर फळीभोवती निळी चौकट आली तर जमलं. पृष्ठभागावर नुसते ठिपके दिसले तर राहिलंय.

दुसरं, प्लाय 18 मिमीचा म्हणून 18 काढू नकोस. दोन्ही अंगांना 1 मिमी सनमायका धरून 20 काढ. तुझ्या गिऱ्हाइकाचं कपाट 1800 रुंद, उभ्या फळ्या तीन. 60 गेले, उरले 1740, म्हणजे एकेक खण 870. 18 धरलेस तर 873 येतील आणि तसा कापलेला कप्पा खणात शिरणारच नाही. वहिनींनी साड्यांसाठी कप्पा वाढवायला सांगितला तर त्याच कंपोनंटची कॉपी घे. मग एकाची खोली आत जाऊन बदललीस की सगळ्यांची बदलते.

आणि सावल्या बंद ठेव. आयती हँडलं, हँगरवरचे कपडे डाउनलोड करू नकोस. दिसतात झकास, पण फाईल रांगायला लागते. हँडलच्या जागी साधी पट्टी चालते.