मायग्रेनमध्ये मेंदूत काय होतं आणि ट्रिगर वेगळे का?

मायग्रेन उठतं तेव्हा मेंदूत नक्की काय होतं? मला उन्हाने होतं, बहिणीला उपाशी राहिल्याने, असं का?

मेंदूला स्वतःला दुखत नाही, दुखतं त्याच्या भोवतीच्या आवरणात. तिथे ट्रायजेमिनल नावाच्या नसेची टोकं सीजीआरपी नावाचं रसायन सोडतात आणि ती नस इतकी हळवी होते की जिना चढलं तरी ठणका लागतो.

पण सुरुवात त्याच्या आधीच झालेली असते, कधी आदल्या दिवशीच. भूक-झोप सांभाळणारा मेंदूचा भाग, हायपोथॅलॅमस, तेव्हापासून वेगळा वागायला लागतो, म्हणून जांभया येतात, गोड खावंसं वाटतं, आपण चॉकलेट खातो, मग डोकं उठतं आणि आपण चॉकलेटला ट्रिगर समजतो, खरं तर अटॅक आधीच चालू झालेला होता.

आता ट्रिगर. मेंदू किती सहन करेल ती पातळी प्रत्येकाची वेगळी, बरीचशी जीन्समधून आलेली, आणि एकाच माणसात पण ती रोज खाली-वर होते. माझंच बघा, मी मे महिन्यात दादरला भर दुपारी उन्हात फिरते, काही होत नाही. पण रात्री झोप कमी, पाळी जवळ आलेली आणि नाश्ता न करता डोंबिवलीहून लोकल पकडली की तेच ऊन पुरतं, संध्याकाळी डोकं हमखास धरतं. म्हणून डोकेदुखीची डायरी ठेवत असाल तर त्यात नुसतं ऊन लिहू नका, आदल्या दिवसाची झोप, जेवणाची वेळ आणि जांभया पण लिहा.