घरदुरुस्तीसाठी टॉप-अप की पर्सनल लोन? आधी मुदत ठरवा

प्रश्न: "रत्नागिरीजवळ आमचं घर आहे. गृहकर्जाचे अजून ११ वर्षांचे हप्ते बाकी आहेत. स्लॅब गळतोय आणि स्वयंपाकघरही नवीन करायचंय, मिस्त्री सगळे मिळून सहा लाख सांगतोय. गृहकर्जावर टॉप-अप घेऊ की वेगळं पर्सनल लोन? टॉप-अप स्वस्त पडतं म्हणतात, पण घर गहाण आहे म्हणून बाबा नको म्हणतात."

तुमच्या जागी मी असतो तर टॉप-अप, म्हणजे चालू गृहकर्जावरच मिळणारे वाढीव कर्ज, घेतले असते, मात्र त्याची मुदत मूळ गृहकर्जाइतकी ११ वर्षांची ठेवली नसती. सात वर्षांच्या आत ते संपवले असते. मी बरीच वर्षे बँकेच्या कर्ज विभागात काम केले, त्यातली बहुतेक रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या शाखांत. कर्ज मागायला आलेला माणूस आधी व्याजदर विचारतो, मग हप्ता किती बसेल ते विचारतो, आणि मुदतीच्या रकान्यात बँकेने जो आकडा भरला असेल त्यावर सही करून जातो, हे मी शेकडो वेळा पाहिले आहे. तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्या रकान्यात आहे.

समजा टॉप-अप साडेनऊ टक्क्यांनी आणि पर्सनल लोन १३ टक्क्यांनी मिळाले. तुम्हाला मिळणारे दर थोडे वरखाली असतील, कारण पर्सनल लोनचा दर पगार, नोकरी आणि सिबिल स्कोअर पाहून ठरतो आणि टॉप-अपचा दर बहुधा तुमच्या गृहकर्जाच्या दरापेक्षा किंचित जास्त असतो. पण दोहोंतले अंतर साधारण एवढे धरायला हरकत नाही. सहा लाखांचे पर्सनल लोन पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता सुमारे १३,६५० रुपये बसतो आणि एकूण व्याज जाते सुमारे २ लाख १९ हजार. तेच सहा लाख टॉप-अप म्हणून घेतले आणि बँकेने मुदत मूळ कर्जाला जुळवून ११ वर्षांची केली, तर हप्ता ७,३४० रुपयांवर येतो, म्हणून तो हलका वाटतो; पण व्याज होते सुमारे ३ लाख ६९ हजार. दर साडेतीन टक्क्यांनी कमी असूनही तुम्ही दीड लाख रुपये जास्त भरता.

आता तेच टॉप-अप सात वर्षांचे करून पाहा. हप्ता सुमारे ९,८०० रुपये आणि एकूण व्याज सुमारे २ लाख २४ हजार, म्हणजे पाच वर्षांच्या पर्सनल लोनच्या जवळपास बरोबरीचे. एकूण खर्च तेवढाच, पण दरमहा जवळपास चार हजारांचा ताण कमी. पर्सनल लोनचा हप्ता तुम्हाला झेपणारच असेल आणि टॉप-अपही पाच वर्षांतच फेडले, तर व्याज १ लाख ५६ हजारांवर येते आणि ६३ हजार रुपये सरळ वाचतात. थोडक्यात, पाच वर्षांच्या पर्सनल लोनशी तुलना केली तर या दोन दरांना सात वर्षे ही सीमारेषा आहे: तिच्या अलीकडे टॉप-अप स्वस्त, पलीकडे महाग. प्रत्यक्ष दर हाती आले की कोणत्याही ईएमआय कॅल्क्युलेटरवर ही रेषा पाच मिनिटांत पुन्हा काढता येते.

म्हणून बँकेत अर्ज देतानाच टॉप-अपचे खाते वेगळे आणि त्याची मुदत वेगळी हवी, असे लेखी मागा. काही बँका टॉप-अप मूळ कर्जात मिसळून एकच हप्ता करू पाहतात. त्याला होकार देऊ नका, कारण मग दुरुस्तीचे पैसे कधी फिटले हे कधीच दिसत नाही. बँक ११ वर्षांवर अडून बसली तरी मार्ग आहे. वैयक्तिक कर्जदाराच्या बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी परतफेडीचा दंड बँकेला लावता येत नाही, त्यामुळे हप्ता ७,३४० चा असला तरी तुम्ही दरमहा अडीच हजार जादा भरून ते सात वर्षांतच संपवू शकता. जादा रक्कम भरताना ती टॉप-अपच्या खात्यात जमा झाली आहे ना आणि हप्ता तोच ठेवून मुदत कमी झाली आहे ना, हे स्टेटमेंटवर पाहा. आणि ही रक्कम पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप वळती होईल अशी सोय बँकेत करून ठेवा. "मे महिन्यात आंब्याचे पैसे आले की एकदम भरू" असे म्हणणाऱ्यांचे पैसे लग्नकार्यात आणि गणपतीत खर्च झालेले मी पाहिले आहेत.

मुदतीचा आणखी एक पैलू लक्षात असू द्या. टॉप-अपचा दर बहुधा बदलता असतो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, ज्यावर बँकांचे बदलते दर अवलंबून असतात, ४ टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर गेला, तेव्हा अनेक बँकांनी हप्ता तसाच ठेवून मुदत वाढवली आणि लोकांना ते वर्षभराने कळले. ऑगस्ट २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकानंतर दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडण्याचा पर्याय बँकेने कर्जदाराला द्यावा लागतो. तसे पत्र किंवा मेसेज आला तर हप्ता वाढवण्याचा पर्याय घ्या. पर्सनल लोनचा दर बहुधा ठरलेला असतो, ही त्याची जमेची बाजू आहे. पण ते लवकर फेडायचे झाल्यास अनेक ठिकाणी फोरक्लोजर चार्ज पडतो, तो मंजुरीपत्रात आधी वाचून घ्या.

तुमच्या वडिलांची भीती निराधार नाही, तिच्याकडे दुर्लक्ष करू नका. मात्र घर आजच गहाण आहे. टॉप-अपने ते नव्याने गहाण पडत नाही, त्यावरचा बोजा वाढतो. याचा व्यवहारातला अर्थ असा की मूळ कर्ज फिटले तरी टॉप-अप शिल्लक असेपर्यंत मूळ कागदपत्रे बँकेतच राहतात, आणि टॉप-अपचे हप्ते ९० दिवसांपेक्षा जास्त थकले तर कर्ज थकीत ठरून थकीत कर्जाच्या वसुलीसाठी असलेल्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस त्याच घरावर येऊ शकते. पर्सनल लोन थकले तर बँकेला न्यायालयाचा रस्ता धरावा लागतो, घराला लगेच हात लावता येत नाही. पण सिबिल स्कोअर दोन्हीकडे सारखाच घसरतो. तुमचा पगार नियमित असेल आणि चार-सहा हप्त्यांएवढी रक्कम मुदत ठेवीत बाजूला असेल, तर हा धोका पेलण्यासारखा आहे. घरातले उत्पन्न होमस्टेवर किंवा बागेवरच चालत असेल, तर मात्र मी वडिलांच्या बाजूने उभा राहीन आणि काम दोन हंगामांत वाटून घ्यायला सांगेन.

आता कोकणातली खरी अडचण, ती म्हणजे वेळ. स्लॅबचे काम मृगाच्या आधी, म्हणजे मेअखेर, आटोपले पाहिजे. पर्सनल लोन दोन-चार दिवसांत खात्यात येते. टॉप-अपला बँकेचा व्हॅल्युएअर घर पाहून जातो, वकील मालकीच्या कागदांचा पुन्हा सर्च घेतो, वाढीव रकमेवर मुद्रांक शुल्क भरून गहाणाचा नवा कागद होतो; यात तीन-चार आठवडे सहज जातात. व्हॅल्युएअर मंजूर नकाशाशी बांधकाम ताडून पाहतो, आणि आपल्याकडे पावसासाठी गच्चीवर घातलेली पत्र्याची शेड किंवा मागे वाढवलेली पडवी नकाशात नसते, तिथे फाइल अडते. तुमच्या घरी तसे काही असेल तर अर्जाआधी शाखेत बोलून घ्या. फेब्रुवारीत अर्ज दिला तर निभावते, एप्रिलच्या मध्यावर दिला तर पैसे मेच्या मध्यावर मिळतात आणि काम पावसात सापडते.

कर्जाची रक्कम ठरवण्याआधी एक गोष्ट मात्र जरूर करा. खाऱ्या हवेत स्लॅबमधली सळई आतून गंजते, फुगते आणि प्लास्टर ढकलून देते. माझ्या स्वतःच्या घरात स्वयंपाकघराच्या छताला हातभर लांबीची एक तांबूस रेघ होती, एवढेच. मिस्त्रीने वॉटरप्रूफिंगचा दर दिला आणि मी तेवढेच टॉप-अप घेतले. काम सुरू झाल्यावर त्याने हातोडीने ठोकून पाहिले तर अर्ध्या छताचा आवाज बद्द येत होता, आणि प्लास्टर पाडल्यावर सळईचे पापुद्रे हातात आले. खर्च दीड लाखाने वाढला. दुसरे टॉप-अप लगेच मिळण्यासारखे नव्हते आणि पाऊस दारात होता, म्हणून उरलेल्या रकमेसाठी मला पर्सनल लोन घ्यावे लागले. तेव्हा सगळे छत आधी ठोकून घ्या, जिथे आवाज बद्द येईल तिथे खडूने खुणा करा, आणि त्या क्षेत्राचा दुरुस्तीचा दर इंजिनिअरकडून लेखी घेऊन मगच सहा लाखांचा आकडा पक्का करा.

पर्सनल लोन कुठे योग्य ठरते हेही त्यातून मला कळले. रक्कम दीड-दोन लाखांची आणि फेड दोन वर्षांची असेल, तर दोन्ही कर्जांतला व्याजाचा फरक सहा-आठ हजारांपलीकडे जात नाही आणि टॉप-अपची प्रोसेसिंग फी, व्हॅल्युएशन, वकील, मुद्रांक यांत तो बहुतेक संपतो. जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडकडे ज्यांच्या घरांची छपरे उडाली, त्यांना टॉप-अपसाठी महिनाभर थांबणे शक्यच नव्हते; तिथे महाग पण तातडीचे कर्ज हेच शहाणपणाचे होते.

दोन्ही कर्जांची की फॅक्ट स्टेटमेंट, म्हणजे मुख्य अटी आणि खर्चाचा तक्ता, बँकेकडून मागून घ्या. त्यात फी आणि विमा धरून पडणारा वार्षिक दर, म्हणजे एपीआर, द्यावाच लागतो, आणि तुलना त्याच आकड्यांची करा. कर्जाबरोबर गळ्यात मारलेला एकरकमी हप्त्याचा विमा असेल तर तो तिथे उघड दिसतो. प्राप्तिकराचा लाभ मात्र हिशेबात फारसा धरू नका: स्वतः राहत्या घराच्या दुरुस्तीवरील व्याजाला फक्त जुन्या करप्रणालीत आणि वर्षाला जास्तीत जास्त ३० हजारांपर्यंत वजावट मिळते, तीही गृहकर्जाच्या व्याजासह दोन लाखांच्या मर्यादेतच. गृहकर्जाच्या व्याजाने ती मर्यादा आधीच भरली असेल तर हातात काही पडत नाही. पर्सनल लोनलाही ही वजावट मिळू शकते, पण पैसे दुरुस्तीलाच लागले हे दाखवण्यासाठी सिमेंट, सळई आणि मिस्त्रीच्या मजुरीच्या पावत्या जपून ठेवाव्या लागतात.