‘भरायला’ म्हटल्यावर फोन कट झाला तर पुढचं ओळखायचं कसं?

प्रश्न : मामा चोर्ला घाटातून फोनवर बोलत होते, “मी बँकेत पैसे भरायला” एवढं ऐकू आलं आणि रेंज गेली. भरले की नाही ते कळलंच नाही. मराठीत असं अर्धं वाक्य कळत का नाही?

नाहीच कळणार. भरायला आलोय, भरायला चाललोय, भरायला विसरलो, भरायला सांगितलेत, भरायला तयार नाही, यातलं काहीही तिथं बसतं, आणि काम झालं की राहिलं हे ठरवणारं क्रियापद नेमकं घाटात पडलं. वर ‘मी’ला ‘ने’ लागत नाही, त्यामुळं काळाचाही पत्ता नाही. मामांच्या जागी मामी बोलत असत्या, “मामांनी पैसे” एवढंच ऐकू आलं असतं, तरी भरतात आणि भरणार हे दोन्ही बाद झाले असते. शाळेत शिकवतात ‘ने’ म्हणजे भूतकाळ, ते अर्धवट आहे हो, “मामांनी पैसे भरावेत”, “मामांनी भरायचे” यात कुठला आलाय भूतकाळ?

आता ‘भरायला’चं. आपल्या बेळगाव-खानापूरकडं मामा “भरायलोय” म्हणाले असते तर सगळा निकाल लागला होता, म्हणजे भरण्याचं काम आत्ता चालूच आहे. आणि ह्याच रूपाला शहाणे लोक अशुद्ध, कानडाळलेलं म्हणतात, डोकं फिरतं माझं! ‘भरायला लागलोय’ हे दाबून ‘भरायलोय’ झालं, मागं राहणारं सहायक क्रियापद मुख्य क्रियापदाला येऊन चिकटलं, कट व्हायला मध्ये जागाच उरली नाही. कन्नडमध्ये बघा, इकडचा माणूस ‘माडाक हत्तेनि’ म्हणतो, म्हणजे करायलोय. तिथला ‘हत्तु’ म्हणजे चिकटणं, लागणं. आपला ‘लागणे’ही तोच, कपड्याला चिखल लागतो तो! काही जाणकार म्हणतात हे कन्नडवरून आलेलं नाही, हिंदीतही ‘करने लगा’ आहेच की. आहे, पण तिथं काम सुरू झालं एवढंच सांगितलंय. काम मध्यावर आहे, चालू आहे, हा अर्थ ‘हत्तेनि’चा, आणि तो आपण तिथूनच घेतला असं माझं ठाम मत आहे. लातूरकडं पण ‘करायलो’ म्हणतात, तो भागही कर्नाटकाला लागूनच.

म्हणून मामा कन्नडमध्ये बोलले असते तर सुटलो असतो असं समजू नका, तिथंही क्रियापद शेवटीच. “कट्टाक”वर लाइन गेली तर पुढं हत्तेनि की बंदेनि, म्हणजे भरायलोय की भरायला आलोय, कुणाला ठाऊक?

आणि एक, “पैसे भरले” असं स्पष्ट ऐकू आलं तरी लगेच खूश होऊ नका, आपला ‘नाहीत’ त्याच्याही मागं उभा असतो. घाट उतरल्यावर परत फोन लावून विचारा.