पनीरचा दिवस आणि पाटोडीचा दिवस

प्रिय पोरी,

तुझी वही परत पाठवते आहे, मार्जिनमध्ये पेन्सिलीने लिहिलंय ते वाच. वीस डबे, आठवड्याचे सहा दिवस, तरी महिन्याअखेर हातात काही उरत नाही, म्हणून डब्यामागे दहा रुपये वाढवू का, असं तू विचारलंस. वाढव, पण आधी मेनू बघू.

पोळी, वरण, भात, तेल, मसाला यात तुझं काही चुकलेलं नाही. चार पोळ्यांची कणीक, मूठभर तांदूळ, थोडी तूरडाळ मिळून डब्याला पंधरा रुपयांच्या आसपास जातात आणि ते रोज तेवढेच जातात. हलतं ते भाजीत. तुझ्या आठवड्याच्या भाज्या होत्या मेथी, फुलकोबी-मटार, भेंडी, वांगं, पालक-पनीर आणि छोले. दिसायला छान. पण सहा दिवसांच्या सहा वेगळ्या खरेद्या, आणि प्रत्येकीचं थोडंथोडं उरलेलं फ्रीजच्या खालच्या कप्प्यात. मागच्या वेळी आले तेव्हा तो कप्पा मी पाहिला होता. अर्धी कोबी, सहा भेंड्या आणि पिशवीतच काळी पडलेली सांबाराची जुडी.

आधी भाव कसा धरायचा ते. तू बाजारभावाने हिशेब करतेस, तो निवडल्यानंतरच्या वजनावर करायचा. मी हे मटारावर शिकले. जानेवारीत कॉटन मार्केटमध्ये ६० रुपये किलो पाहून अख्खं पोतं आणलं, दोन दुपारी सोलत बसले, आणि दाणे मोजले तर किलोमागे ४०० ग्रॅमच. म्हणजे दाण्याचा भाव झाला १५० रुपये किलो, आणि माझ्या दोन दुपारी फुकट. मेथी निवडल्यावर साधारण निम्मी उरते आणि शिजल्यावर आणखी आटते, म्हणून नुसत्या मेथीच्या भाजीला वीस डब्यांना चार किलो जुड्या लागतात. पत्ताकोबीचं मात्र जवळजवळ सगळं पोटात जातं. एक स्प्रिंग काटा घे आणि पंधरा दिवस प्रत्येक भाजी निवडण्याआधी आणि नंतर मोज. माझे आकडे तुला तसेच लागू पडणार नाहीत, तुझा सुरीचा हात वेगळा.

आता तुझ्याच भावांनी तुझा आठवडा मांडते. मेथी १६०, फुलकोबी-मटार १९०, भेंडी २०० (थंडीत भेंडी कशाला घेतेस गं, ८० रुपये किलोने?), वांगी १२०, छोले १२०. आणि पालक-पनीर? दीड किलो पनीर ३६० च्या भावाने ५४०, पालक ६०, असे ६०० रुपये. आठवड्याचे झाले १३९०, म्हणजे डब्यामागे साडेअकरा रुपयांच्या वर नुसती भाजी.

माझा याच आठवड्याचा कागद असा आहे. बाजार फक्त दोनदा, रविवारी आणि बुधवारी संध्याकाळी. पालेभाजी आधी संपवायची, टिकणारी नंतर, आणि ज्या दिवशी बाजाराची भाजी उरणार नाही त्या दिवशी घरात भरून ठेवलेल्या डाळीबेसनावर यायचं.

सोमवारी मेथी-आलू. निम्मी मेथी, बाकी आलू, दोन्ही मिळून १२०. मंगळवारी फुलकोबीचा रस्सा. त्यात तिचे दांडे सोलून बारीक चिरून आणि कोवळी पानंसुद्धा घालते, त्यामुळे अडीच किलो कोबीला आलू एकच किलो पुरतात. तेही १२०. बुधवारी मोड आलेली मटकी, किलोभर, १२०. थंडीत मोडांना नागपुरात दीड-दोन दिवस लागतात, म्हणून सोमवारी सकाळीच भिजत घालते, विसरलं की बुधवारची भाजी गेली. गुरुवारी पालकाचं आळण, पालक आणि पाव किलो बेसन मिळून ८५. शुक्रवारी पत्ताकोबी चणाडाळ घालून, ७५. त्याच कोबीचा एक गड्डा बाजूला ठेवते, तो गुरुवारी आणि शनिवारी कोशिंबिरीत जातो. आणि शनिवारी पाटोडी रस्सा. त्याला बेसन, खोबरं, जास्तीचं तेल धरून १६० लागतात आणि सांबाराच्या उरलेल्या काड्या वाटणात जातात. एकूण ६८० झाले. डब्याला पावणेसहा.

तुझ्या एका पनीरच्या दिवसाला लागले त्यात माझा जवळजवळ अख्खा आठवडा निघाला, आणि शनिवारी रात्री फ्रीज रिकामा.

तुला वाटेल, आलू दोनदा आले, बेसन दोनदा आलं, लोक कंटाळतील. लोक भाजीचं नाव मोजत नाहीत गं, ते पोळी कशाला लावून खाल्ली ते लक्षात ठेवतात. कोरडी, मग रस्सा, मग उसळ, मग सरसरीत आळण, मग परत कोरडी, मग झणझणीत रस्सा. सलग दोन दिवस एकाच जातीचं काही नाही. तुझ्या वहीत मात्र मेथी, भेंडी, वांगं तिन्ही कोरड्याच होत्या. सहा वेगळ्या भाज्या घेऊनही डबा एकसारखा लागायचा तो त्यामुळे. आणि हॉस्टेलमधल्या मुलांना शनिवारची पाटोडी पनीरपेक्षा जास्त आवडते हे मी रिकामे डबे पाहून सांगते. चाटून पुसून येतात.

एकेका दिवसाची भाजी स्वस्त करण्याच्या मागे लागू नको. शुक्रवारी कोबीने वाचवलं म्हणून शनिवारी खोबरं परवडतं. सरासरी बघ. पनीर करायचंच तर महिन्यातून एकदा कर, आणि त्या आठवड्यात आळण आणि कोबी दोन्ही ठेव.

परत आलेले डबेही आठवडाभर उघडून बघ. माझ्याकडे तर भातच उरून यायचा, भाजी नाही. भात थोडा कमी केला, एक पोळी वाढवली, तक्रार आली नाही. आणि उद्याची सुट्टी रात्री नऊच्या आत सांगायची, हा नियम पक्का कर. वीसचा स्वयंपाक करून सतरा डबे गेले तर तिघांची भाजी, भात, वरण सगळंच गेलं, तिथे कोबी-पनीरचा सगळा हिशेब पाण्यात. उरलेलं घरी खा, दुसऱ्या दिवशीच्या डब्यात कधी घालू नको.

हा कागद मात्र फेब्रुवारीपर्यंतचाच. एप्रिल-मेमध्ये पालेभाजी महागते, आणि दुपारपर्यंत वरण आंबूस व्हायला लागतं. तेव्हा मटकी तू झोपेत असतानाच मोडांच्या पुढे जाऊन वास मारते. त्या दिवसांत मी डाळीबेसनाचे दिवस दोनावरून तीन करते, लवकी आणि ढेमसं धरते, आणि एक अख्खं कोहळं कोपऱ्यात ठेवते. न कापलेलं कोहळं आठवडे टिकतं, कापल्यावर दोन दिवसांत संपवावं लागतं. म्हणून ते वीस डब्यांना एकदम पुरेल एवढ्या आकाराचंच घे.

रविवारी पाच वाजता कॉटन मार्केटच्या गेटजवळ ये. वही आणि काटा दोन्ही घेऊन ये, मटार मात्र घ्यायचे नाहीत.

तुझी,
मावशी