हिंदी पत्रकाचा मसुदा वाचल्यावर

बेटा,

तुझा संत्र्याच्या पत्रकाचा हिंदी मसुदा वाचला. मराठीतला मजकूर त्यात पूर्ण उतरलाय, काहीच सुटलेलं नाही. पण पहिल्याच ओळीत तू लिहिलंस, "हमने हमारे बगीचे का माल खुद तोड़कर मंडी में लाया।" हिंदी माणूस लिहील, "हम अपने बगीचे का माल खुद तोड़कर मंडी लाए।" हिंदीत कर्ता स्वतःच्या वस्तूबद्दल बोलत असला की 'अपना' येतं, आणि 'लाना'च्या भूतकाळात 'ने' लागत नाही. आपण मात्र 'आम्ही आमच्या बागेतला माल आणला' असंच म्हणतो, म्हणून तुझ्या कानाला तिथे काही खटकलंच नाही.

मातृभाषेत नियम आठवण्याआधी कान अडतो. दुसऱ्या भाषेत चूकसुद्धा गोड लागते. व्यावसायिक अनुवादक शक्यतो आपल्याच भाषेत अनुवाद करतात ते यासाठीच. युनेस्कोच्या 1976 च्या शिफारशीतही मातृभाषेत, किंवा तितक्याच सफाईने येणाऱ्या भाषेत अनुवाद करावा असं म्हटलंय. वरुड-मोर्शीकडे बाजारात आपण दिवसभर हिंदी बोलतो, त्यामुळे ती आपलीच वाटते. पण ती आपल्या इकडची हिंदी. पत्रक मात्र भोपाळ-सागरचा व्यापारी वाचणार.

तरी मराठी नीट जाणणारा हिंदीभाषक दरवेळी कुठून आणणार? काम तुलाच करावं लागेल, मग तपासणी तरी नीट कर. हिंदी मजकूर कुणाकडून परत मराठीत करून घेऊन ताडून पाहण्यात फार अर्थ नाही. वरची चुकीची ओळ उलटी फिरवली तर झकास मराठी निघते! अर्थ गळला असेल तर तो या रीतीने सापडतो, अवघडलेली भाषा सापडत नाही.

त्यापेक्षा मराठी न येणारा हिंदी वाचक शोध. पांढुर्ण्याचा नको, तिथे घरोघरी मराठी आहे. त्याला मूळ दाखवू नकोस आणि "कसं वाटलं?" असंही विचारू नकोस, लोक भिडेखातर "बढ़िया है" म्हणून मोकळे होतात. कुठे दोनदा वाचावं लागलं तिथे पेन्सिलने रेघ मारायला सांग, आणि ते वाक्य तो स्वतः कसं लिहील तेही लिहून घे. दर पानाला दहा रेघा निघाल्या तर डागडुजी करू नकोस, पान नव्याने लिही.

त्याच्या दुरुस्त्याही डोळे मिटून घेऊ नकोस. मूळ त्याने पाहिलेलं नाही. बागवाले मजुरांकडून माल तोडून घेतात हे त्याला ठाऊक असतं, म्हणून 'खुद तोड़कर'चं तो सहज 'तुड़वाकर' करेल. वाक्य छान होईल, पण शेतकऱ्यांनी केलेला दावाच बदलेल. म्हणून शेवटचं वाचन तुझं, मूळ शेजारी ठेवून. वाचकाचे पैसे मात्र दर सांगतानाच त्यात धर, नंतर कुणी देत नाही.