सही लोट्याला झाली, महाडचा राउंड बाकी आहे

*सर, मी चिपळूणची, बी.एस्सी. केमिस्ट्री. लोट्याच्या कंपनीचं क्यूसी ट्रेनीचं ऑफर लेटर बुधवारी सही करून पाठवलं. पण महाडच्या कंपनीत दोन राउंड झालेत, मंगळवारी प्लांट हेडसोबत तिसरा आहे. तिथे दोन हजार जास्त मिळतील म्हणतात. माझा आतेभाऊ तिथेच आहे, त्यानेच नाव दिलं. तो म्हणतो, जाऊन तर ये. बाबा म्हणतात, फोनच उचलू नको. काय करू?*

मंगळवारी जाऊ नकोस, पण फोन मात्र तूच कर, आणि तोही सोमवारची वाट न बघता.

त्याआधी लोट्याचं लेटर एकदा शांतपणे वाच. तुझं नाव, पद, पगार, रुजू व्हायची तारीख आणि कंपनीच्या माणसाची सही एवढं त्यावर असलं पाहिजे. फोनवर नुसतं ‘तुमचं झालं समजा’ म्हणाले असते, तर मी तुला महाड सोडायला सांगितलं नसतं. लेटरमध्ये बहुधा ‘वैद्यकीय तपासणीच्या अधीन’ असं वाक्य असेल. रासायनिक कारखान्यांत ते असतंच, त्याने बिचकू नकोस. एकच अपवाद सांगतो. क्यूसीत टायट्रेशनला फिकट गुलाबी छटा नेमकी कधी आली ते डोळ्यांनीच ओळखावं लागतं, त्यामुळे रंग ओळखण्याची चाचणी होऊ शकते. तुला त्यात अडचण आहे हे माहीत असेल, तर आधी लोट्याला विचार आणि मग महाडला कळव.

आता आतेभाऊ. त्याचं नाव तुझ्या फॉर्मवर आहे, म्हणून पहिला फोन त्याला. ‘दादा, मी लोट्याला सही केली आहे, आता एचआरला कळवते आहे,’ एवढंच सांग. निरोप मात्र त्याच्या हाती देऊ नकोस. कँटीनमध्ये जेवताना तो कुणाला तरी सांगेल आणि एचआरपर्यंत काहीतरी भलतंच पोहोचेल.

मग ज्या मॅडमनी किंवा सरांनी तुला मंगळवारी बोलावलं, त्यांना फोन कर. प्लांट हेडना नको. सुरुवातीलाच सांगून टाक: ‘मी दुसऱ्या कंपनीची ऑफर स्वीकारली आहे, म्हणून मंगळवारी येऊ शकणार नाही. आधी कळलेलं बरं, म्हणून फोन केला.’ आजीची तब्येत, बाबांची परवानगी असली कारणं जोडू नकोस. लोटे आणि महाडमधली माणसं इकडची तिकडे जात-येत असतात. सहा महिन्यांनी तोच प्लांट हेड तुझ्या लॅबमध्ये उभा असेल.

‘कुठे घेतलं?’ असं ते विचारतील. सांगायचं बंधन नाही. ‘रुजू झाल्यावर सांगते’ म्हटलेलं चालतं. ‘पगार किती?’ याचंही तेच. खरी कसोटी पुढे आहे. ‘थांबा, आम्ही वाढवून देऊ, मंगळवारी या तर,’ असं म्हणाले तर? याचं उत्तर फोन लावण्याआधीच ठरवून ठेव. ते दोन हजार अजून कुणी कागदावर लिहिलेले नाहीत, आणि तिसरा राउंड म्हणजे नोकरी नव्हे. शिवाय कशेडी घाटापलीकडे खोली घ्यायची, मेस लावायची म्हटलं की दोन हजार पहिल्याच आठवड्यात संपतील. लोट्याला तू घरून जाशील.

खरं तर बोलायची उत्तम वेळ सहीच्या आधी होती. ‘मला बुधवारपर्यंत उत्तर द्यायचं आहे, राउंड अलीकडे घेता येईल का?’ असं विचारलं असतंस, तर बऱ्याचदा घेतात.

फोननंतर मेल. बोलावणं ज्या मेलने आलं, त्यालाच उत्तर दे, म्हणजे तुझी फाईल शोधावी लागणार नाही. इंग्रजीत लिहिशील, आशय एवढाच:

‘आज फोनवर बोलल्याप्रमाणे, मी दुसरी ऑफर स्वीकारली असल्याने क्यूसी ट्रेनी पदासाठीचा माझा अर्ज मागे घेत आहे. मंगळवारची मुलाखत कृपया रद्द करावी. दोन्ही राउंडमध्ये दिलेल्या वेळेबद्दल आभार.’

बाबांचा सल्ला मला नवा नाही. मी एका कारखान्याच्या एचआरमध्ये होतो तेव्हा एक मुलगा असाच आला नाही, फोनही उचलेना. प्लांट हेड शिफ्ट सोडून, हेल्मेट टेबलावर ठेवून चाळीस मिनिटं बसले होते. त्यांची चिडचिड मी ऐकून घेतली, त्याचं फार काही नाही. पण दुसऱ्या क्रमांकाच्या मुलीला आम्ही त्याच्यासाठी थांबवून ठेवलं होतं. संध्याकाळी तिला फोन केला, तर तिने आदल्याच दिवशी दुसरीकडे होकार दिलेला. तुझ्या मागेही कुणीतरी तसं थांबलेलं असेल.

त्यांनी फोन उचललाच नाही, तर तासाभराने पुन्हा लाव. तरी नाही, तर मेल पाठव आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ‘मेल पाठवला आहे, मंगळवारी येत नाही’ एवढी ओळ टाक. आणि महाडसाठी काढलेल्या गुणपत्रिकांच्या झेरॉक्स फेकू नकोस. लोट्याला रुजू होताना त्याच लागतील, मूळ प्रतींसकट.