वर्गात उभं राहण्याआधी

प्रश्न : वय ६१. चौतीस वर्षं इंजिनिअर म्हणून नोकरी केली. निवृत्तीनंतर प्रशिक्षकाचा कोर्स केला, परीक्षा पास झालो, प्रमाणपत्र मिळालं. पुढच्या महिन्यात पहिला वर्ग आहे. विषय मला येतो, पण वीस मुलांसमोर उभं राहायचं या विचारानेच छाती धडधडते, घसा कोरडा पडतो, हात थरथरतात. या वयात हे असं होणं बरं का? की सरळ नकार कळवून मोकळा होऊ?

उत्तर : नकार आत्ताच कळवू नका. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांची गोष्ट सांगते. घरी त्यांना सगळे अण्णा म्हणतात, मीही तेच म्हणते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

अण्णा नाशिकच्या एका कारखान्यात देखभाल विभागात होते. सगळं आयुष्य मोटारी, पॅनेल आणि ब्रेकर यांच्यात गेलं. निवृत्तीनंतर वर्षभर घरी बसून कंटाळले, म्हणून प्रशिक्षकांच्या प्रशिक्षणाचा कोर्स केला. त्यातलं प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षा त्यांनी चांगल्या गुणांनी पार केली. मग इलेक्ट्रिशियनच्या बॅचचं पत्र हातात पडलं आणि झोप उडाली. मुलं पेठ, सुरगाणा, दिंडोरीकडची, बहुतेक शेतकऱ्यांच्या घरातली.

पहिल्याच भेटीत मी त्यांना त्यांच्या डॉक्टरांकडे परत पाठवलं. साठीनंतर धडधड आणि धाप पहिल्यांदाच सुरू झाली असेल, तर ती भीतीमुळेच आहे असं समुपदेशकाने परस्पर ठरवू नये. हृदयाचा आलेख, थायरॉइड, साखर, रक्तदाब हे सगळं पाहून घ्यावं लागतं. तुम्हीही आधी एवढं करा. अण्णांचं सगळं ठीक निघालं. एका मित्राने त्यांना ‘भाषणाआधी घ्यायची धडधड थांबवणारी गोळी’ सुचवली होती. त्या औषधाचं नाव प्रोप्रॅनोलॉल. दमा असलेल्यांना ते धोक्याचं ठरू शकतं, आणि मधुमेहाची औषधं चालू असतील तर साखर उतरल्याची लक्षणं त्यामुळे झाकली जातात. म्हणून मित्राच्या सांगण्यावरून ते घेऊ नये, डॉक्टरांना विचारूनच घ्यावं. अण्णांना लहानपणापासून दमा होता. त्यांच्या डॉक्टरांनी नाही म्हणून सांगितलं.

मग मी त्यांना विचारलं, “नोकरीत कधी चार माणसांसमोर बोलला नाहीत?”

“रोज बोलायचो मॅडम. शिफ्ट सुरू होताना पंधरा-वीस कामगार समोर असायचे.”

“तेव्हा हात थरथरायचे?”

ते थोडा वेळ गप्प राहिले. “नाही. पण तेव्हा मध्ये मशीन असायचं. सगळे मशीनकडे बघायचे, मीही मशीनकडे बघायचो. वर्गात सगळे माझ्याकडे बघणार.”

माझ्या दृष्टीने त्यांच्या सगळ्या त्रासाचं मर्म या दोन वाक्यांत होतं. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये लोकांसमोरच्या भीतीची जी मांडणी केली, तिचा गाभाही हाच आहे. घाबरलेल्या माणसाचं लक्ष समोरच्यावरून उठतं आणि स्वतःवर येऊन बसतं. आवाज कापतोय का, हात दिसतायत का, घाम आला का, याची आतल्या आत पाहणी सुरू होते. आत जे जाणवतं तेच बाहेर लोकांना दिसतंय अशी त्याची खात्री पटते. आणि ते लपवण्यासाठी तो जे काही करतो, त्यातूनच गाडी जास्त बिघडते.

अण्णा काय काय करत होते ते आम्ही कागदावर उतरवलं. पहिल्या दोन तासांचं भाषण त्यांनी वहीत शब्दन् शब्द लिहून काढलं होतं, एकवीस पानं. रोज रात्री ते पाठ करायचे. थरथर दिसू नये म्हणून एक हात खिशात आणि दुसऱ्या हाताने टेबलाची कड घट्ट धरून उभे राहायचे. घट्ट धरलेला हात जास्त थरथरतो, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. पाठ केलेलं वाक्य विसरलं की पुढची वाट बंद व्हायची. आणि वहीत डोकं घातल्यामुळे समोरच्याला कळतंय की नाही, हे पाहायला सवडच नसायची.

इंजिनिअर माणसाला नुसतं सांगून भागत नाही, मोजून दाखवावं लागतं. म्हणून तिसऱ्या भेटीत आम्ही एक प्रयोग केला. माझ्याकडे शिकाऊ म्हणून येणाऱ्या दोन मुली आणि आमची स्वागतिका अशा तिघींना समोर बसवलं. विषय मल्टिमीटर, वेळ पाच-पाच मिनिटं, दोनदा. पहिल्या वेळी अण्णांनी वही, खिसा, टेबलाची कड हे सगळं नेहमीसारखं करायचं. दुसऱ्या वेळी वही पालथी ठेवायची, एकीच्या हातात मीटर द्यायचा, तिला साधा पेन्सिल सेल मोजायला लावायचा आणि आपण फक्त तिच्या हातांकडे बघायचं. दोन्ही वेळा मोबाइलवर चित्रीकरण केलं.

चित्रफीत दाखवण्याआधी एक गोष्ट जरूर करून घ्यावी लागते, नाहीतर माणूस ती बघतानाही आतलीच धडधड आठवत बसतो. आपण कसे दिसणार याचं चित्र आधी डोळ्यांसमोर आणायचं आणि त्याला आकडा द्यायचा. मग कुणा अनोळखी माणसाची असल्यासारखी ती चित्रफीत पाहायची. अण्णांनी हाताच्या थरथरीला शंभरात ८० दिले. पाहून झाल्यावर म्हणाले, “पहिल्यात २५. दुसऱ्यात दिसतच नाही.” मग पहिली चित्रफीत त्यांनी स्वतःहून पुन्हा लावली आणि म्हणाले, “थरथर राहू द्या, हा माणूस कुणाशी बोलतोय तेच कळत नाही.” दुसऱ्या वेळी धडधड त्यांना जवळजवळ तेवढीच जाणवली होती, पण त्यांचं बोलणं समोरच्या मुलीशी चाललं होतं. धडधड थांबल्यावरच शिकवता येईल, ही त्यांची अट तिथेच सैल झाली.

एक गाठ मात्र उरली होती. “कुणी प्रश्न विचारला आणि मला नाही आला तर? चौतीस वर्षं काय केलं म्हणतील.” अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीत अशा विचारातला ‘च’ शोधायला शिकवतात. मला उत्तर आलं तर बरं, ही इच्छा झाली. मला उत्तर आलंच पाहिजे, हा हट्ट झाला. अण्णांना हे पटलं, पण नुसतं पटून वर्गात उपयोग होत नाही, तोंडात शब्द तयार लागतात. म्हणून आम्ही एकच वाक्य ठरवलं : “हे मला पाहून सांगावं लागेल, उद्या सांगतो.” आणि तो प्रश्न फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात लिहायचा. हे वाक्य त्यांनी माझ्यासमोर पाच-सहा वेळा मोठ्याने म्हटलं. पहिल्या वेळी म्हणताना त्यांचा चेहरा लाल झाला होता.

एकवीस पानांची एका पोस्टकार्डावर मावेल एवढी टिपणं झाली. पहिला अर्धा तास त्यांनी असा आखला : नाव-गाव पाच मिनिटांत आटपायचं, मग चार-चार मुलांचे पाच गट करायचे, प्रत्येक गटाला एक मीटर आणि एक छोटी १२ व्होल्टची बॅटरी द्यायची, आणि मोजायला लावायचं. व्याख्यान त्यानंतर. त्या दिवशी २३० व्होल्टच्या लाइनला कुणी हात लावायचा नाही, ही त्यांची स्वतःची अट होती.

पहिल्या वर्गाच्या दिवशी संध्याकाळी त्यांचा फोन आला. सुरुवात वाईट झाली होती. दाराशी भीती शंभरात सत्तरच्या घरात होती, आवाज घोगरा निघाला, स्वतःचं नाव सांगायचंच राहून गेलं. बॅटऱ्या वाटतानाही धडधड चालूच होती.

“मग मागच्या गटातल्या पोराचा मीटर दिसला मॅडम. लाल वायर त्याने १० अँपिअरच्या भोकात घातलेली, आणि टोकं बॅटरीला लावायला निघालेला.”

मला नीट कळलं नाही, म्हणून त्यांनी समजावून सांगितलं. व्होल्ट मोजताना लाल वायर व्होल्टच्या भोकात लागते. अँपिअरच्या भोकात मीटरचा रोध जवळजवळ शून्य असतो. तशीच टोकं बॅटरीला लावली तर बॅटरी थेट शॉर्ट होते, ठिणगी उडते, वायर तापते. आणि स्वस्तातल्या कितीतरी मीटरना त्या भोकामागे फ्यूजही नसतो.

“मी इथून ओरडलो, ‘थांब!’ शॉप फ्लोअरवर ओरडायचो तसा. मग पाचही मीटर गोळा केले, भोकं दाखवली, प्रत्येकाकडून वायर काढून परत घालून घेतली. त्यात वीस मिनिटं गेली.”

“आणि धडधड?”

“बघायची राहूनच गेली.”

पुढे एकाने विचारलं, बॅटरीवर १२ लिहिलंय मग मीटर १२.७ का दाखवतो? पूर्ण भरलेली शिशाची बॅटरी काही न जोडता मोजली की साधारण तेवढंच दाखवते. अण्णा त्यावर आनंदाने बोलले. दुसऱ्याने विचारलं, “सर, सोलर पंपाच्या अनुदानाचा अर्ज कुठे करायचा?” ते त्यांना माहीत नव्हतं. प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात गेला. दुसऱ्या दिवशी ते माहिती घेऊन गेले, तेव्हा चार पोरांनी ती वहीत उतरवून घेतली.

पण पहिल्या दिवशी रात्री दोन वाजता त्यांना जाग आली आणि नाव सांगायचं राहिलं हे डोक्यात घोळू लागलं. हे होणार याची कल्पना मी त्यांना आधी दिली होती. वर्ग संपल्यावर मन फक्त चुकांची उजळणी करतं, आणि तीही रात्री. त्यासाठी आमचं ठरलं होतं की घरी आल्यावर दहा मिनिटं बसून मुलांच्या हातांनी आज काय केलं तेवढंच लिहायचं, स्वतःबद्दल एक ओळही नाही. पहिल्या दिवशी ते राहून गेलं होतं. दुसऱ्या दिवसापासून लिहू लागले. दोन आठवड्यांनी दाराशी भीती चाळीसच्या आसपास होती. पूर्ण गेली नव्हती, आणि तसं आमचं ठरलेलंही नव्हतं.

सगळ्यांचं एवढ्यावर भागत नाही. भीती वर्गापुरती न राहता लग्नकार्य, बँक, सोसायटीची मीटिंग सगळंच टाळावंसं वाटत असेल, धीर यावा म्हणून पेल्याचा आधार घ्यावा लागत असेल, किंवा निवृत्तीपासून कशातच मन लागत नसेल आणि जेवण-झोप बिघडली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

तुमचा विषय कोणता ते तुम्ही लिहिलेलं नाही. पण या आठवड्यात केंद्रात एकदा जाऊन या आणि तिथलं कपाट उघडून बघा : मुलांच्या हातात देता येतील अशी साधनं किती आहेत, आणि त्यातली चालू किती. अण्णांच्या केंद्रात आठ मीटर होते, तिघांचे सेल संपलेले. ते सेल त्यांनी आदल्या दिवशी जाऊन स्वतः बदलले.